मॅनेजरला व्हॉट्सअ‍ॅपवर रजा मागायची आहे, भाषा कशी ठेवू? मदत हवी आहे

सातपूरकर: नमस्कार. मी एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. चुलत बहिणीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचंय. मॅनेजर नवीन आहेत, रजेचं व्हॉट्सअ‍ॅपवरच टाका म्हणतात. हे लिहून ठेवलंय, अजून पाठवलेलं नाही:

"गुड मॉर्निंग सर 🙏 घरी लग्न आहे त्यामुळे गुरुवारपासून येणार नाही, प्लीज अ‍ॅडजस्ट करा."

उद्धट वाटतं का?

वसंतकाका: अर्ज तो अर्जच. प्रति, विषय, महोदय आणि खाली 'आपला आज्ञाधारक' हे हवंच.

मृणाल_एचआर: काका, विषयाची ओळ जरूर असावी, कारण नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचाच मजकूर दिसतो. 'आज्ञाधारक' मात्र शाळेच्या अर्जात ठीक, इथे नको.

सातपूरकर, 'प्लीज' घातलं तरी 'येणार नाही' म्हणजे तुम्ही निर्णय कळवताय, रजा मागत नाही. गुरुवारपासून कधीपर्यंत तेही नाही. आणि 'अ‍ॅडजस्ट करा' म्हणून तुमच्या कामाची सोय त्यांच्यावर टाकलीत. असं लिहा:

"नमस्कार सर.
विषय: 11 ते 13 डिसेंबर रजेबाबत
चुलत बहिणीच्या लग्नासाठी कोल्हापूरला जायचे असल्याने गुरुवार 11 ते शनिवार 13 डिसेंबर अशी तीन दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती. सोमवारी 15 तारखेला कामावर हजर होईन. या दिवसांत चलने आणि गाड्यांची नोंद शिंदे पाहतील, त्यांच्याशी बोलणे झाले आहे."

शिंदेंच्या जागी तुमच्या सहकाऱ्याचं नाव घाला, पण आधी त्याला खरंच विचारा. सगळं एकाच मेसेजमध्ये पाठवा. नुसतं 'सर' टाकून उत्तराची वाट बघू नका.

नीता_७: मला पहाटे ताप भरला तेव्हा मी फक्त 'आज येऊ शकत नाही' एवढंच टाकलं. तेही चुकीचं का?

मृणाल_एचआर: नाही, तिथे तेच योग्य. अचानक आजारपणात आधी कळवायचं असतं, मंजुरीचं नंतर बघता येतं. लग्नाची तारीख मात्र आधीपासून माहीत असते.

रोखठोक: कायद्याने वर्षाला 8 किरकोळ रजा मिळतात. हक्काच्या रजेला विनंती कसली?

मृणाल_एचआर: ते 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आहे, कारखान्यांना तो लागू नाही. आणि रजा हक्काची असली तरी कोणत्या दिवशी घ्यायची ते विचारावंच लागतं.

सातपूरकर: मनापासून आभार, असंच पाठवतो. एक शंका आहे. सर बहुतेक मेसेजवर नुसता 👍 देतात. ती मंजुरी धरायची का?

वसंतकाका: धरायची की! साहेबाने बघून खूण केली ना.

मृणाल_एचआर: मी धरणार नाही. ती खूण नंतर काढून टाकता येते, आणि तिचा अर्थ 'वाचलं' एवढाही असू शकतो. संध्याकाळी एकदा 'सर, रजा मंजूर समजू का?' असं विचारा.

नीता_७: पण नवीन साहेबांना पुन्हा विचारलं तर राग येणार नाही का? आमच्याकडे येतो.