मदत हवी आहे : आधीची नोंद नसताना कामाचा परिणाम नामांकनात कसा मांडावा?

आमच्या रुग्णालयाच्या वार्षिक उत्कृष्टता पुरस्कारासाठी मी औषध विभागातील एका सहकारी ताईंचे नामांकन करत आहे. अर्जात ‘नेमून दिलेल्या कर्तव्यापलीकडचे काम आणि त्याचा परिणाम’ तीनशे शब्दांत लिहायचा आहे. औषधवाटप, साठा व मुदतबाह्य औषधांवर लक्ष ही त्यांची नेमून दिलेली कामेच असल्याने, ती चोख असूनही मी वगळली आहेत.

वाचता न येणाऱ्या रुग्णांसाठी त्यांनी स्वतःहून एक तक्ता तयार केला. त्यावर सकाळसाठी उगवता सूर्य, रात्रीसाठी चंद्रकोर आणि जेवणाआधी की नंतर हे दाखवायला रिकामे किंवा भरलेले ताट असते. गोळीचे रिकामे पाकीट त्याच रकान्यात चिकटवतात. रुग्णाला घरी सोडताना त्या त्याच्याकडूनच डोस वदवून घेतात आणि चुकला तर पुन्हा समजावतात. आता परिचारिकाही हीच पद्धत वापरतात, हा मला सर्वांत भक्कम पुरावा वाटतो.

अडचण अशी की तक्त्यापूर्वी डोस किती रुग्णांकडून चुकत होते, याची नोंदच नाही. मधुमेही रुग्णांची साखर आटोक्यात आल्याचे दिसते, पण त्याच काळात नवे डॉक्टर रुजू झाल्याने ते श्रेय केवळ तक्त्याला देणे मला प्रामाणिक वाटत नाही. विभागप्रमुखांचे पत्र मिळाले आहे, परंतु त्यात ‘मेहनती, मनमिळाऊ’ एवढेच आहे. रुग्णांची नावे अर्जात देता येत नाहीत.

अशा वेळी फेरतपासणीला येणाऱ्या रुग्णांना डोस विचारून, तक्ता मिळालेले आणि न मिळालेले अशी तुलना द्यावी, की परिचारिकांचे लेखी अनुभव निवड समितीला अधिक ग्राह्य वाटतील?