मदत हवी आहे: मुलीला रक्ताच्या जुलाबांनंतर किडनीवर येणारा एचयूएस आजार, आधी सलाईन धो-धो आणि आता पाणीही मोजून

मीनल_आयोवा
मुलगी चार वर्षांची, वजन १६ किलो. आम्ही आयोवात राहतो. आधी पातळ जुलाब, तिसऱ्या दिवसापासून त्यात रक्त आणि पोटात भयंकर कळा. ताप म्हणावा असा नव्हताच. शौचाच्या तपासणीत ई. कोलाय ओ१५७ आणि शिगा टॉक्सिन २ सापडलं. तेव्हा दवाखान्यात ठेवून सलाईन भरपूर दिलं. जुलाब ओसरले, आम्हाला हायसं वाटलं, आणि सातव्या दिवशी पोर पांढरीफटक पडली. हिमोग्लोबिन १२ वरून ७.६, प्लेटलेट ३४ हजार, क्रिएटिनिन ०.४ वरून २.३. काल दिवसभरात लघवी जेमतेम ६० मिली.

आता सलाईन बंद. पाणी मोजून देतात, ती 'पाणी, पाणी' करून रडते. अँटिबायोटिक दिलं नाही, प्लेटलेट चढवत नाहीत. सांगलीहून सासूबाईंचा रोज फोन असतो, 'मग डॉक्टर करतायत तरी काय?' उद्या पोटातून डायलिसिस करू म्हणतात. कुणाला अनुभव आहे का?

पक्याभाऊ
ताई, ३४ हजार म्हणजे फारच कमी! माझ्या भाच्याला डेंग्यूत २० हजारांवर प्लेटलेट चढवल्या होत्या. तुम्ही आग्रह धरा. तोवर पपईच्या पानांचा रस द्या, आमच्याकडे सगळ्यांनी दिला होता.

रानजाई
पक्याभाऊ, हे डेंग्यू नाही. आणि जिची लघवी बंद होत आलीय तिला कसलाही रस देऊ नका, त्यात पोटॅशियम असतं. मी नर्स आहे, डायलिसिस वॉर्डात बरीच वर्षं काढली आहेत. एचयूएसमध्ये प्लेटलेट कधीच देत नाहीत, दिल्या की गुठळ्या वाढतात.

सुहासिनी_के
मी पुण्यात मुलांच्या किडनीचं काम करते. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे शेवटचा शब्द तिथल्या डॉक्टरांचाच.

आधी सलाईनचं. टॉक्सिन आतड्यातून रक्तात जातं आणि किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतं. तिथे प्लेटलेट चिकटतात, बारीक गुठळ्या होतात आणि त्यातून जाणाऱ्या तांबड्या पेशी फाटतात. म्हणून रक्त कमी, प्लेटलेट कमी आणि किडनी मंद, हे तिन्ही एकदम दिसतं. किडनी अजून चालू असताना भरपूर सलाईन दिलं तर तिच्यातलं रक्त वाहतं राहतं. अशा मुलांची लघवी पूर्ण बंद पडण्याचं प्रमाण कमी दिसतं. तुमच्या डॉक्टरांनी तेव्हा तेच केलं.

पण लघवी थांबली की तेच पाणी घातक. बाहेर जायला वाट नाही, ते फुप्फुसात साठतं आणि रक्तदाब चढतो. मग हिशोब असा: श्वास आणि घामावाटे जाणारं पाणी शरीराच्या दर चौरस मीटरला दिवसाला साधारण ४०० मिली. १६ किलोच्या मुलीचं क्षेत्रफळ ०.७ चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे २८० मिली. त्यात कालची ६० मिली लघवी मिळवा, ३४० झाले. औषधांसोबत जाणारं पाणीही यातच, आणि जुलाब चालू असतील तर तेवढं वर. रोज सकाळी वजन करतात ना? ते वाढत असेल तर पाणी जास्त होतंय. ओठ ओले करायला बर्फाचा छोटा तुकडा चालेल का, नर्सला विचारा. तोही मोजतील.

रानजाई, 'कधीच नाही' म्हणू नका. गुठळ्या वाढतात ही भीती तर्काला धरून आहे, पण त्याचा पुरावा फार पक्का नाही. मुळात या मुलांमध्ये मोठा रक्तस्राव क्वचितच होतो, म्हणून गरज पडत नाही. रक्त वाहत असेल किंवा पोटात नळी घालताना सर्जनला हव्या असतील, तर देतात. मात्र आकडा सुधारायचा म्हणून देत नाहीत.

मीनल_आयोवा
वजन कालपेक्षा ४०० ग्रॅम जास्त. पोटॅशियम ५.९. रक्तसुद्धा ७ च्या खाली गेल्यावरच देणार म्हणाले. इतकं थांबायचं?

सुहासिनी_के
हो. देतात तेव्हा किलोमागे साधारण १० मिली, तुमच्या मुलीला १६० च्या आसपास, तीन-चार तासांत सावकाश. हिमोग्लोबिन १२ पर्यंत नेत नाहीत, ८-९ पुरतं. एकदम जास्त चढवलं की अंगात पाणी वाढतं आणि रक्तदाब उसळतो. लघवी अशीच राहिली आणि पोटॅशियम चढत गेलं, तर डायलिसिसला पर्याय नाही. एचयूएसच्या साधारण निम्म्या मुलांना ते लागतंच. ते लागलं म्हणजे किडनी कायमची गेली असं नाही, ती सावरेपर्यंतचं काम दुसऱ्यानं करायचं इतकंच.

निशिगंध_नागपूर
मला वेगळंच वाटतंय. माझ्या चुलतभावाच्या मुलाला नागपुरात हेच झालं होतं. त्याचा प्लाझ्मा बदलला, स्टेरॉइड दिली आणि तो बरा झाला. तुमच्याकडे प्लाझ्मा का बदलत नाहीत? अमेरिकेत तर सोय असणारच.

सुहासिनी_के
त्याला रक्ताचे जुलाब झाले होते का?

निशिगंध_नागपूर
नाही, नुसती सर्दी-ताप होता. रिपोर्टात 'अँटी-फॅक्टर एच' असं काहीतरी होतं.

सुहासिनी_के
मग तो आजार वेगळा, नाव तेवढं सारखं. त्यात शरीर स्वतःच्याच संरक्षक प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं बनवतं. ती काढून टाकायला प्लाझ्मा बदलतात आणि पुन्हा बनू नयेत म्हणून स्टेरॉइड देतात. भारतातल्या मुलांत हा प्रकार खूप दिसतो, त्यामुळे आमच्याकडे ही तपासणी आम्ही लगेच पाठवतो. मीनल यांच्या मुलीत टॉक्सिन सापडलंय आणि क्रमही ठरलेला आहे. तिथे प्लाझ्मा बदलून फायदा दाखवता आलेला नाही. प्लेटलेट आठवडाभरातही वर आल्या नाहीत किंवा आजार उलटून आला, तर मात्र मीही कॉम्प्लिमेंटच्या, म्हणजे शरीराच्या या संरक्षण यंत्रणेच्या तपासण्या मागेन.

अँटिबायोटिकचंही तसंच आहे. ओ१५७ मध्ये काही अभ्यासांत ते दिल्यावर एचयूएस वाढलेला दिसला, म्हणून टाळतात. सगळ्यांचं त्यावर एकमत नाही. पण आपल्याकडे पूर्वी शिगेलाच्या आवेतून एचयूएस व्हायचा, तिथे अँटिबायोटिक द्यायलाच हवं.

रानजाई
ताई, पोर एकदम गुंगीत गेली, विचित्र चिडली, नजर एकटक झाली किंवा आचका दिला, तर बेल दाबून थांबू नका, बाहेर जाऊन कुणाला तरी ओढून आणा. मेंदूवर परिणाम होतो काहींच्या. आणि साखर तपासतायत का विचारा, स्वादुपिंडालाही झळ लागते.

मीनल_आयोवा
काल डायलिसिस सुरू झालं. आज प्लेटलेट ४१ हजार, तांबड्या पेशी फुटल्या की वाढणारं एलडीएच थोडं उतरलं, क्रिएटिनिन मात्र ३.१. नक्की कशाकडे बघू?

सुहासिनी_के
सहसा आधी प्लेटलेट चढतात, त्यामागून लघवी येते आणि क्रिएटिनिन सगळ्यांत शेवटी उतरतं. एका दिवसाच्या वाढीवर भिस्त ठेवू नका, सलग दोन-तीन दिवस चढू देत. हिमोग्लोबिन त्यानंतरही घसरू शकतं. घरी गेल्यावर रक्तदाब आणि लघवीतलं प्रथिन निदान पाच वर्षं तपासत राहा, मुलगी ठणठणीत दिसली तरी. काहींच्या लघवीत प्रथिन पुढे बऱ्याच काळानं दिसू लागतं.

मीनल_आयोवा
आणखी एक. दोन वर्षांच्या धाकट्याला आज सकाळी दोनदा पातळ शी झाली, रक्त नाही. आरोग्य खात्याचा फोन आला होता, गेल्या आठवड्यात काय काय खाल्लं विचारत होते. जत्रेत दोघांनी वासरांना हात लावला होता, तेही सांगितलं.

पक्याभाऊ
जुलाब थांबवायची गोळी देऊन टाका, सोबत ओआरएस.

सुहासिनी_के
ओआरएस द्या, गोळी अजिबात नको. आतडं थांबलं की टॉक्सिन आतच राहतं. आयबुप्रोफेनही नको. त्याची शौचाची तपासणी आजच पाठवा, बहिणीचा रिपोर्ट दाखवून. ओ१५७ निघालं तर रक्त आणि क्रिएटिनिन एक-दोन दिवसाआड बघतील. डायपर बदलल्यावर हात साबणानं धुवा, सॅनिटायझरवर भागवू नका. पाळणाघरात तूर्त पाठवू नका.

मीनल_आयोवा
नवरा त्याला घेऊन निघालाय. रिपोर्ट आला की लिहिते.