'जडर'ला मराठीत काय म्हणाल?

विदुला: टीव्हीला लावायच्या स्टिकची माहितीपुस्तिका मराठीत करतेय. `Match Frame Rate`चं 'फ्रेम रेट जुळवा' करून मोकळी झाले. पण त्याने जो 'जडर' टळतो, तिथे अडलेय. मी 'गचके' लिहिलं, तपासणाऱ्यांनी खोडून 'थरथर' केलं.

दादरकर: नेट स्लो असलं की होतं ते. सरळ 'अडकणे' लिहा.

किरण प्रोजेक्टरवाला: नेटचा काही संबंध नाही, दादरकर. नेट अडलं की चित्र थांबतं, गोल चकरी फिरते. इथे चित्र थांबत नाही, लंगडतं. सिनेमा सेकंदाला 24 चित्रांचा, बॉक्स टीव्हीला पाठवतो 60. वाट्याला अडीच येतात. अर्धं काही दाखवता येत नाही, म्हणून एक चित्र दोनदा, पुढचं तीनदा. शेवटी नावं वर सरकतात ना, तेव्हा नीट बघा. सेटिंग चालू केलं की बॉक्स टीव्हीलाच 24 वर आणतो आणि प्रत्येक चित्राला सारखा वेळ मिळतो. गचका एखादाच बसतो, थरथर जागच्या जागी होते. मी 'लंगडणं' लिहीन.

तबलजी: दोन-तीन-दोन-तीन म्हणजे झपताल झाला की! चार चित्रं, दहा मात्रा. त्याला लंगडा म्हणता?

किरण प्रोजेक्टरवाला: ताल नाही हो लंगडा. सरळ चालीचं गाणं झपतालात कोंबलं तर गाणं लंगडेल.

शुद्धमराठी: आधी 'फ्रेम' काढा. 'चौकटगती' म्हणा.

विदुला: दाराची चौकट पळत सुटल्यासारखं वाटतं हो.

शुद्धमराठी: 'दूरदर्शन'लाही लोक हसलेच असतील. वापरलं की रुळतं.

नानासाहेब: आमच्याकडे मुलाने हे चालू करून दिलं. तेव्हापासून सिनेमा लावला की दोन सेकंद पडदा काळा! टीव्ही गेला समजून बंदच करून टाकलं.

किरण प्रोजेक्टरवाला: नाना, टीव्ही ठणठणीत आहे. गती बदलताना एचडीएमआयची जोडणी नव्याने होते, तेवढा वेळ पडदा काळा राहतो. विदुलाताई, पुस्तिकेत हे आधी लिहा, नाहीतर सगळेच बंद करतील. शिवाय काही अ‍ॅप गती बदलायला सांगतच नाहीत. सेटिंग चालू असूनही टीव्ही 60 वरच राहतो. टीव्हीच्या माहितीपट्टीत `24Hz` येतं का ते बघायचं.

विदुला: पण 'चित्र लंगडते' वाचून कुणी दुखावलं तर? तपासणारे हमखास विचारतील.

दादरकर: आमची आई बैलगाडीला 'हेंदकाळते' म्हणायची. तो घ्या.

तबलजी: ते पाण्याचं. घागर हेंदकाळते, गाडी नव्हे.

दादरकर: गाडीत बसलेली घागर कशाने हेंदकाळते मग?