मदत हवी आहे: दुकानाच्या वेबसाइटचं सर्च बघायला आठवड्यातून अर्धाच तास मिळतो, तो कसा वापरू?

जांभळीनाका_पितळ

नमस्कार मंडळी. ठाण्यात जांभळी नाक्याजवळ आमचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान आहे. भाच्याने वेबसाइट करून दिली, गुगलचं सर्च कन्सोल जोडून दिलं आणि नोकरीसाठी बंगळुरूला गेला. आता ते मलाच बघायचंय. बुधवारी दुपारी गिऱ्हाईक तुरळक असतं, तेव्हा अर्धा तास निघतो. त्यापलीकडे जमणार नाही.

कल्हईच्या पानाचे गेल्या २८ दिवसांतले इम्प्रेशन ६४०, क्लिक ४, सरासरी पोझिशन ७.८. त्याचं टायटल असं आहे:

```
<title>Services | दुकानाचं नाव</title>
```

पंचधातूच्या मूर्तींच्या पानाचे इम्प्रेशन ११००, पण पोझिशन ३८ आणि क्लिक शून्य. आधी कोणतं हाती घेऊ? आठवड्याला एक टायटल बदलायचं ठरवलंय, पण परिणाम आठवड्यात दिसत नसेल तर पुढच्या बुधवारी काय करायचं?

कोपरीचा_केदार

एकेक कसलं करताय, सगळी एका बैठकीत बदलून टाका. ६० अक्षरांच्या आत ठेवा, महत्त्वाचा शब्द सुरुवातीला, आणि best, near me, Thane हे तिन्ही प्रत्येक टायटलमध्ये हवेतच.

वाशी_सेक्टर१७

माझा पण हाच प्रश्न आहे. मॅपवर दुकानाच्या नावापुढे 'नवी मुंबईतील नंबर १ होलसेल' असं टाकलं तर वर येईल का? मुलगा म्हणतो टाका.

सीवूड्सवाली

वाशीकर, तुमचं वेगळं आहे. मॅपवर पाटीवर आहे तेच नाव द्यायचं असा नियम आहे. वाढीव शब्द घातले तर लिस्टिंग बंद होऊ शकते. इथे वेबसाइटच्या पानांच्या टायटलबद्दल चाललंय.

नाकेवाले दादा, मूर्तींचं पान आत्ता सोडा. अडतिसाव्या नंबरावर तुमचं टायटल वाचतंय कोण? तिथे आधी पानावर माल दिसायला हवा: फोटो, उंची, वजन, किंमत. नुसत्या टायटलने अडतीसचं आठ होत नाही. कल्हईचं पान मात्र लोकांच्या नजरेला पडतंय आणि तरी कोणी दाबत नाही. 'Services' वाचून आत कल्हई मिळते हे कोणाला कळणार? हेच घ्या.

परफॉर्मन्स रिपोर्ट उघडलात की वर चार चौकोन दिसतात. सीटीआर, म्हणजे इम्प्रेशनच्या मानाने क्लिक, आणि पोझिशन सुरुवातीला बंद असतात, ते चालू करा. तारीख २८ दिवसांची ठेवा, म्हणजे चार पूर्ण आठवडे येतात आणि शनिवार-रविवारचा फरक मध्ये येत नाही. शेवटच्या दोन-तीन दिवसांचे आकडे कच्चे असतात, ते धरू नका. मग पेजेसमध्ये कल्हईच्या पानावर क्लिक करा आणि तिथूनच क्वेरीजवर जा. आता फक्त त्या पानाचे शोध दिसतील. ते इथे टाका, मग पुढचं सांगते.

जांभळीनाका_पितळ

ताई, असं दिसतंय. kalhai near me: इम्प्रेशन २१०, क्लिक ३, पोझिशन ६. kalhai wala thane: ९०, क्लिक १, पोझिशन ५. कल्हई म्हणजे काय: १८०, क्लिक शून्य, पोझिशन ९. बाकी किरकोळ. पण यादीची बेरीज ६४० भरत नाही, कुठे चुकतंय?

सीवूड्सवाली

काही चुकत नाहीये. फार थोड्या लोकांनी केलेले शोध गुगल यादीत दाखवत नाही, वरच्या एकूण आकड्यात मात्र धरतं.

आता बघा, 'कल्हई म्हणजे काय' विचारणारा बहुतेक भांडं घेऊन दुकानात येणारा नाही. ते १८० बाजूला ठेवा. तुमचं गिऱ्हाईक पहिल्या दोन ओळींत आहे, ३०० इम्प्रेशन आणि ४ क्लिक. टायटल त्यांच्यासाठी लिहा:

```
<title>Kalhai in Thane: पितळी भांड्यांना कल्हई, जांभळी नाका</title>
```

लोक रोमनमध्ये टाइप करतायत म्हणून तो शब्द पुढे घेतला. near me लिहायची गरज नाही, शोधणारा कुठे आहे त्यावरून गुगल जवळचं दाखवतं. 'दर' हा शब्द पानावर दर असतील तरच घाला. नाहीतर माणूस येतो, दर दिसत नाही आणि मागे फिरतो. केदार, महत्त्वाचा शब्द पुढे हे बरोबर, पण ६० हा काही गुगलचा नियम नाही, स्क्रीनच्या रुंदीत मावेल तेवढं दिसतं. आणि सगळी एकदम बदलली तर पुढच्या महिन्यात क्लिक घटले की कोणत्या बदलामुळे घटले ते कसं शोधणार?

आता बुधवारचं. एका पानाला चार आठवडे द्या, पण म्हणून रिकामं बसायचं नाही. दर बुधवारी वेगळं पान घ्या, म्हणजे कायम चार पानं चुलीवर असतील. पाचव्या बुधवारी पहिली दहा मिनिटं पहिल्या पानाचा निकाल बघायचा, पुढच्या दहात नवीन पान निवडायचं, शेवटच्या दहात टायटल लिहून चढवायचं. वहीत तारीख, पान, जुनं टायटल, नवं टायटल, मुख्य शोध आणि त्याचे आकडे उतरवा. जुनं टायटल लिहून ठेवाच, परत फिरायची वेळ येते.

जांभळीनाका_पितळ

बदललं. त्यानंतर दोन बुधवार गेले तरी गुगलवर Services च दिसतंय. भाचा म्हणतो थांब.

कोपरीचा_केदार

गुगलला पान पुन्हा बघायला सांगायचं ते रिक्वेस्ट इंडेक्सिंगचं बटण रोज दाबत राहा.

सीवूड्सवाली

एकदा दाबलं की पुरे, पुन्हापुन्हा दाबून रांगेत नंबर पुढे जात नाही. दादा, यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये पानाचा पत्ता टाका आणि 'व्ह्यू क्रॉल्ड पेज' उघडा. तिथल्या कोडमध्ये जुनंच टायटल असेल तर गुगल अजून फिरकलेलं नाही. नवं असेल आणि तरी Services दिसत असेल, तर पानावरचं मोठं शीर्षक बघा.

जांभळीनाका_पितळ

कोडमध्ये नवं आहे. पण पानावर मोठ्या अक्षरात Our Services लिहिलंय!

सीवूड्सवाली

तेच कारण असणार. गुगल टायटल जसंच्या तसं घेतंच असं नाही, पानावरच्या मोठ्या शीर्षकातूनही उचलतं. तिथे 'पितळी भांड्यांना कल्हई' करा. आणि चार आठवडे नवं टायटल गुगलवर दिसायला लागल्यापासून मोजा, तुम्ही बदललं त्या तारखेपासून नाही.

कोपरीचा_केदार

पण गणपती जवळ आलेत. घरोघरी समया आणि पातेली माळ्यावरून खाली येणार. क्लिक वाढले तर टायटलमुळे की गणपतीमुळे?

सीवूड्सवाली

हा मुद्दा खरा आहे. म्हणून नुसते क्लिक बघायचे नाहीत. kalhai near me हा एकच शोध धरा आणि इम्प्रेशनच्या मानाने क्लिक बघा. सणामुळे शोध वाढतात, तसे इम्प्रेशनही वाढतात. पोझिशन सहाच्या आसपास राहिली आणि सीटीआर वाढला तर श्रेय टायटलला देता येईल. पोझिशन सहावरून तीनवर आली तर वर आल्यामुळेच क्लिक वाढले असतील. तरी सणात भांडं घेऊन निघालेला माणूस एरवीपेक्षा जास्त दाबतो, तेवढी शंका उरतेच. शिवाय २१० ला ३ क्लिक होते, त्याचे ५ झाले तर तो योगायोगही असू शकतो. १५ झाले तर मी मानेन.

जांभळीनाका_पितळ

म्हणजे पक्कं दिवाळीनंतरच कळणार. आणि दिवाळीत पुन्हा तीच गर्दी. बरं, शीर्षक आत्ताच बदलतो. येत्या बुधवारी समईचं पान घेतो, तिथे पोझिशन ९ आहे आणि टायटल नुसतं Products. पण brass samai आणि 'पितळी समई' दोन्हीचे इम्प्रेशन जवळपास सारखेच आहेत, पुढे कोणतं घेऊ?

वाशी_सेक्टर१७

मुलाला सांगितलं नाव तसंच ठेव. पण मग मॅपवर वर येण्यासाठी काय करायचं?

सीवूड्सवाली

वाशीकर, नवा धागा काढा, इथे भरकटेल. दादा, दोन्हींचे क्लिक वेगवेगळे बघून सांगा, नुसत्या इम्प्रेशनवर नाही ठरवता येणार.