फॉस्फर म्हणजे स्फुरद का?

रंकाळाकाठ: नववीच्या मुलांसाठी एलईडीवर टिपण लिहितेय. पांढऱ्या दिव्यात पिवळा लेप असतो, तो फॉस्फरचा. त्याला 'स्फुरद' लिहिलं तर चालेल का?

शिरोळचा ऊसवाला: ताई, स्फुरद म्हणजे आमचं सुपर फॉस्फेटमधलं. मग बंद पडलेल्या बल्बातला तो पिवळा लेप खरवडून उसाला घातला तर लागू पडंल का?

शाहूपुरीचा वायरमन: जुन्या ट्यूबच्या आतल्या पांढऱ्या पुडीत फॉस्फेट असायचं, हे मला पक्कं ठाऊक आहे. एलईडीतही तेच असणार. ताई, लिहा बिनधास्त.

स्फटिकवेडा: दादा, ट्यूबचं बरोबर आहे, एलईडीचं नाही. नेहमीच्या पिवळ्या लेपात यिट्रियम, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि चिमूटभर सेरियम असतं, स्फुरद नावालाही नाही. हे कण सिलिकोनमध्ये घोटलेले असतात. ऊसवाले काका, तुमच्या उसाला त्याचा काहीच उपयोग नाही.

खरं स्फुरद लाल एलईडीच्या चिपमध्ये सापडतं, ॲल्युमिनियम, गॅलियम आणि इंडियमच्या जोडीला. म्हणून पांढऱ्या दिव्याच्या लेपाला 'स्फुरद' म्हटलं, तर मुलं तो भलत्याच ठिकाणी शोधतील.

रंकाळाकाठ: मग पांढऱ्या दिव्याची चिप कशाची?

स्फटिकवेडा: गॅलियम नायट्राइडची. एकट्या त्याचं पट्टांतर, म्हणजे त्यातल्या इलेक्ट्रॉनला ओलांडावी लागणारी ऊर्जेची दरी, 3.4 इलेक्ट्रॉन-व्होल्ट. 1240 ला या आकड्यानं भागलं की तरंगलांबी नॅनोमीटरमध्ये मिळते, सुमारे 365. हा अतिनील, डोळ्याला दिसत नाही. काही गॅलियमच्या जागी इंडियम बसवला की पट्टांतर घटतं. ते 2.75 वर आणलं की 450 नॅनोमीटरचा निळा मिळतो. इंडियम आणखी वाढवला तर हिरवा येतो, पण इंडियमचा अणू मोठा असल्यानं स्फटिक ताणला जातो आणि उजेड पडतो कमी. पांढरा मिळवायला निळी चिप पुरते. थोडा निळा लेपातून तसाच बाहेर येतो, उरलेला लेप गिळतो आणि पिवळा करून सोडतो. दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं दिसतं.

शाहूपुरीचा वायरमन: म्हणूनच! दुरुस्तीला आलेल्या पट्टीवर एका ठिकाणचा लेप उडाला होता, तिथनं भगभगीत निळा उजेड येत होता. चिप बिघडली असं मला वाटलं होतं.

स्फटिकवेडा: चिप धडधाकट होती, पिवळा देणारा लेप गेला होता. या लेपाच्या उजेडात लाल कमी असतो, म्हणून तांबडी साडी फिकी दिसते. कोमट पांढऱ्या दिव्यात लाल देणारा दुसरा फॉस्फर मिसळतात.

रंकाळाकाठ: मग 'दीप्तिलेप' लिहू? आणि इंडियम मिसळलेल्या त्या पदार्थाला 'मिश्रधातू'?

स्फटिकवेडा: मिश्रधातू नको, नायट्राइड धातू नाही. 'मिश्रस्फटिक' लिहा. दीप्तिलेप मला पटत नाही, कारण फॉस्फर हा पदार्थ आहे आणि लेप हा त्याचा थर.

शाहूपुरीचा वायरमन: दुकानात सगळे 'फॉस्फर'च म्हणतात. मुलं उद्या तिथंच जाणार आहेत, ताई.