निबंधाच्या रुब्रिकमध्ये ‘मांडणी’च्या पातळ्या कशा लिहाव्यात? मदत हवी आहे

दादरच्या शाळेत नववीला मराठी शिकवते. आमच्या रुब्रिकमध्ये ‘उत्तम, चांगली, बरी, असमाधानकारक’ असे फक्त शब्द बदलतात. त्यामुळे एकाच निबंधाला मी 3 देते आणि सहकारी शिक्षिका 2.

‘मुद्द्यांना आधार’ ही ओळ नव्याने लिहिल्यावर फरक पडला. 4 : उदाहरण आहे आणि ते मुद्दा कसा सिद्ध करतं हेही लिहिलंय. 3 : उदाहरण आहे, पण संबंध वाचकाने जोडायचा. 2 : नुसता मुद्दा. 1 : विषयाचंच वाक्य फिरवून लिहिलंय. आता आमचे गुण बहुतेक जुळतात.

‘मांडणी’पाशी मात्र अडले आहे. ‘किमान 5 जोडशब्द’ असं लिहून पाहिलं, तर मुलांनी ‘परंतु’, ‘म्हणून’ कुठेही पेरले. मग परिच्छेदांची अदलाबदल करून पाहिली. क्रम बदलूनही निबंध तसाच वाचता आला, तर मांडणी कच्ची. ही कसोटी मला पटते, पण तिने 4 आणि 1 वेगळे होतात, मधले दोन नाहीत.

वर्गात 58 मुलं आहेत, पातळ्या 4च ठेवायच्या आहेत आणि वाक्यं मुलांना स्वतःला वाचून कळायला हवीत. मोजदाद न करता, 3 आणि 2 मध्ये कागदावर नेमकं काय वेगळं दिसतं असं लिहावं?