मदत हवी आहे: डीसीटीत दोन गिअर एकदम पडलेले असतात, मग गिअरबॉक्स जाम कसा होत नाही?

नवशिक्या_चालक: आजवर मॅन्युअलच चालवली. परवा मित्राची डीसीटी हातात आली. दुसऱ्याचा तिसरा झाला तो आरपीएमचा काटा 4000 वरून 2800 वर आला म्हणून कळला, धक्का असा नाहीच. मित्र म्हणतो, "तिसरा आधीच पडलेला होता." दोन गिअर एकदम? जाणकारांनी समजावून सांगा.

भटक्या: सोपं आहे. एएमटीसारखंच, क्लच मशीन दाबतं. इथे क्लच दोन, म्हणून काम दुप्पट वेगात.

ग्रीसचे_हात: भटक्या, मशीन दाबतं इथपर्यंत बरोबर. पण एएमटीत क्लच एकच, त्यामुळे गिअर बदलताना ओढ तुटते आणि मान पुढे जाते. मॅन्युअललाही तेच: क्लच सोडवा, जुना गिअर काढा, नवा घाला, क्लच जोडा. तेवढा वेळ चाकांना इंजिन नाहीच.

डीसीटीत शाफ्ट दोन असतात, एक पोकळ आणि दुसरा त्याच्या पोटातून गेलेला. एकावर 1-3-5, दुसऱ्यावर 2-4-6, आणि दोघांना आपापला क्लच. तुमच्याच आकड्यांत बघा. दुसऱ्यात असताना सम गिअरचा शाफ्ट इंजिनाबरोबर 4000 वर फिरतोय. तिसरा पडलेला आहे, पण त्याचा क्लच उघडा. म्हणून तो शाफ्ट चाकांच्या बाजूने नुसता फिरवला जातोय, 2800 ने. जाम व्हायला दोन्ही क्लच एकदम घट्ट धरायला हवेत. शिफ्ट म्हणजे एक सुटत जातो तसतसा दुसरा धरत जातो. गिअर घालायचं वेळखाऊ काम आधीच उरकलेलं.

नवशिक्या_चालक: आत्ता डोक्यात शिरलं! पण मग सहाव्यात ओव्हरटेकसाठी पाय दाबला तेव्हा गाडी क्षणभर गप्प का बसली?

ग्रीसचे_हात: पुढचा गिअर कुठला लागेल हा कॉम्प्युटरचा अंदाज असतो. निवांत चाललात तर पाचवा तयार ठेवला असेल. तुम्ही मागितला चौथा, आणि सहावा-चौथा एकाच शाफ्टवर. सहावा निघाल्याशिवाय चौथा पडत नाही. मग एकतर मध्ये पाचव्यावरून जायचं, नाहीतर ओढ तोडायची. ओव्हरटेकच्या आधीच स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली उतरवून ठेवा.

सिग्नलला_अडकलेली: माझी डीसीटी ट्रॅफिकमध्ये रांगताना थरथरते. तीही अंदाज चुकल्यामुळेच का?

ग्रीसचे_हात: नाही ताई, तो वेगळा विषय. रांगताना क्लच अर्धवट घासत राहतो. ड्राय क्लच असेल तर थंड करायला तेलही नाही, लवकर तापतो. इंच इंच सरकू नका, पुढे जागा होऊ द्या, मग एकदाच जा. थंड गाडीतही थरथरत असेल तर क्लच झिजलेला असू शकतो.

सिग्नलला_अडकलेली: सर्व्हिसवाले म्हणतात, सॉफ्टवेअर अपडेटने जाईल.

भटक्या: आमच्याकडे गेलं होतं. दोन महिन्यांनी परत आलं.